शून्यापासून सुरू केलं की झालं?

फसव्या आलेखांवरचं सादरीकरण संपलं की पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "म्हणजे उभा अक्ष शून्यापासून सुरू केला की झालं ना?" विचारणारे कधी शाळेतले गणिताचे शिक्षक असतात, कधी वार्ताहर, कधी एखाद्या संस्थेत अहवाल लिहिणारे कार्यकर्ते. सगळ्यांना एक नियम हवा असतो आणि तो लक्षात राहील इतका सोपा हवा असतो. पडद्यावर दाखवलेली उदाहरणं त्यांना त्या नियमाकडेच घेऊन जातात. खरा विषय सुरू होतो तो प्रश्नोत्तरांत.

या विषयावर बोलणारा कुणीही एक चित्र हमखास दाखवतो. ते २०१२ सालचं, अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज या वाहिनीवरचं आहे. जॉर्ज बुश यांच्या काळात दिलेल्या करसवलतींची मुदत त्या वर्षअखेर संपत होती. मुदत वाढली नसती तर सर्वांत वरच्या उत्पन्नगटाचा कराचा दर ३५ टक्क्यांवरून ३९.६ टक्क्यांवर जाणार होता. वाहिनीनं हे दोन स्तंभांत दाखवलं. डावीकडचा स्तंभ बुटका आणि उजवीकडचा त्याच्या पाचपटीहून उंच. बघणाऱ्याला वाटावं, सरकार आता घरादारावर टाच आणणार. दोन्ही आकडे मात्र खरे होते आणि स्वच्छ लिहिलेले होते. गडबड एवढीच होती की उभा अक्ष शून्यापासून नव्हे, ३४ पासून सुरू होत होता. त्यामुळे ३५ चा स्तंभ एक घर उंच झाला आणि ३९.६ चा ५.६ घरं.

हा खोटेपणा मोजता येतो. अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात त्यासाठी एक साधं गुणोत्तर सुचवलं. चित्रात किती टक्के वाढ दिसते ते मोजायचं, आकड्यांत किती टक्के वाढ आहे ते काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर चित्र आकड्यांशी इमान राखून आहे. फॉक्सच्या चित्रात स्तंभ १ वरून ५.६ वर गेला, म्हणजे ४६० टक्के वाढ. आकडा ३५ वरून ३९.६ वर गेला, म्हणजे साधारण १३ टक्के. भागाकार येतो ३५. खरी वाढ पस्तीसपट फुगवून दाखवलेली होती. हे करायला पट्टी आणि कॅल्क्युलेटर एवढंच लागतं, आणि वर्तमानपत्रातल्या कुठल्याही स्तंभालेखावर ते करून बघता येतं.

स्तंभालेखाच्या बाबतीत म्हणूनच मी तडजोड करत नाही. स्तंभ हा त्याच्या लांबीनं बोलतो. दुप्पट लांब स्तंभ दिसला की दुप्पट वस्तू आहे असं डोळा समजतो, आणि तो तसं समजणारच, कारण स्तंभ काढण्यामागचा करारच तो आहे. पायथा कापला की करार मोडला. इथे शून्य हवंच.

यावर मागच्या रांगेतून हरकत येते: "पण आकडे लिहिलेले असतात की. वाचणारा वाचेल, काही एवढा भोळा नसतो." हरकत रास्त वाटते, पण तपासून पाहिली तर टिकत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली याच मुद्द्यावर प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. लोकांना पायथा कापलेले आणि न कापलेले स्तंभालेख दाखवून 'फरक किती मोठा वाटतो' असं विचारलं. कापलेल्या आलेखांत फरक मोठा वाटला, हे अपेक्षितच होतं. पण काही जणांना आधीच बजावलं होतं की असे आलेख फसवतात, अक्ष नीट बघा. त्यांचीही फसगत कमी झाली, थांबली नाही. अक्षावरचा आकडा आपण वाचतो तोवर डोळ्यानं आपलं मत देऊन टाकलेलं असतं.

शाळेत आलेखपत्रावर अक्ष मधून तोडला तर तिथे एक नागमोडी खूण काढायला शिकवतात. शिक्षक मंडळी ती आठवण करून देतात: खूण काढली म्हणजे वाचणाऱ्याला कळलं. मायकेल कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हेही तपासलं. तुटल्याची खूण काढली, पायथा फाटल्यासारखा दाखवला, तरी फरक फुगूनच वाटत राहिला. रेषालेखातही हेच दिसलं. तेव्हा 'स्तंभाला शून्य हवं, रेषेला चालतं' हे बऱ्याच पुस्तकांतलं वाक्यही निम्मंच खरं आहे. रेषेला शून्य नसलं तर चालतं, पण फुकट चालत नाही. चढ किती तीव्र दिसावा हे तुम्ही ठरवता आणि त्याची जबाबदारी तुमची असते.

"हे लोक मुद्दाम करतात का?" हाही नेहमीचा प्रश्न. काही करतात. पण रोजच्या कामातले बहुतेक कापलेले पायथे कुणाच्या कारस्थानातून आलेले नसतात, ते एक्सेलमधून आलेले असतात. अक्ष कुठून सुरू करायचा हे आपण सांगितलं नाही तर एक्सेल स्वतः ठरवतं, आणि त्याचा एक ठरलेला हिशेब आहे. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे १६.७ टक्क्यांहून, जास्त असेल तर अक्ष शून्यापासून. कमी असेल तर लहान आकड्याच्या थोडं खालून. याचा अर्थ असा की फरक जितका लहान, तितकी तो फुगवून दाखवला जाण्याची शक्यता जास्त. कार्यालयात रात्री उशिरा अहवाल पूर्ण करणाऱ्या माणसाला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याला स्तंभ ठसठशीत दिसतात आणि तो फाइल पुढे पाठवतो. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे: उभ्या अक्षावर राइट क्लिक करायचं, `Format Axis` उघडायचं आणि `Minimum` समोर `0` लिहायचं.

इथवर सगळे खूश असतात. मग मी महाराष्ट्राचे तीन आकडे फळ्यावर लिहितो: ९४६, ९१३, ८९४.

हे शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली किती, याचे जनगणनेतले आकडे आहेत. अनुक्रमे १९९१, २००१ आणि २०११ चे. आता एक्सेलला सोडून दिलं तर काय होईल? मोठ्या आणि लहान आकड्यांत ५२ चा फरक, म्हणजे साडेपाच टक्के. एक षष्ठांशाहून बराच कमी. अक्ष ८६० च्या आसपास सुरू होईल आणि स्तंभांची उंची होईल ८६, ५३ आणि ३४. बघणाऱ्याला वाटेल, वीस वर्षांत राज्यातल्या निम्म्याहून जास्त मुली नाहीशा झाल्या. हे उघड खोटं आहे. म्हणून आपण नियमानुसार पायथा शून्यावर नेतो. पहिला स्तंभ १० सेंटिमीटर उंच काढला तर दुसरा होतो साडेनऊहून थोडा अधिक आणि तिसरा साडेनऊला जरा कमी. तीन जवळजवळ सारखे स्तंभ, पहिल्या-शेवटच्यात साडेपाच मिलिमीटरचा फरक. टफ्टी यांचं गुणोत्तर काढलं तर बरोबर एक येतं. चित्र निर्दोष.

आणि तरीही हे दुसरं चित्र पहिल्याइतकंच फसवं आहे, असं माझं मत आहे. ते बघून कुणीही म्हणेल, काही विशेष घडलेलं नाही.

घडलं काय ते आकड्यांतूनच काढू. माणसांत निसर्गतः मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात. साधारण शंभर मुलींमागे १०५ मुलगे. उलट करून सांगायचं तर हजार मुलांमागे ९५० च्या आसपास मुली. म्हणजे या मोजमापाला 'शून्य' ही जागा अर्थाचीच नाही. हजारामागे शून्य मुली असा समाज नसतो, आणि तीनशे-चारशेही कुठे नसतात. अर्थाची जागा आहे ९५०. तिथून किती खाली गेलो हे बघायचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाचे मुलगे सुमारे ७० लाख होते. हजारामागे ९५० च्या हिशेबानं मुली साडेसहासष्ट लाख असायला हव्या होत्या. ८९४ च्या हिशेबानं त्या सुमारे ६३ लाख होत्या. जवळपास चार लाखांची तूट, एका राज्यात, एका वयोगटात. साडेपाच मिलिमीटरमध्ये ती मावलेली होती.

सभागृहात इथे जरा शांतता पसरते आणि मग कुणीतरी हुशार माणूस विचारतो: "तर मग तूटच काढा की स्तंभात. ९५० मधून वजा करा." करून बघू. ४, ३७, ५६. आता स्तंभ शून्यापासून सुरू होतात, नियम पाळला जातो आणि चित्र जबरदस्त होतं: तूट चौदापट वाढली! कार्यकर्त्यांना हे चित्र फार आवडतं, आणि मला तिथेच त्यांना अडवावं लागतं. कारण ९५० हा देवानं दिलेला आकडा नाही. नेमकं १०५ ला १०० धरलं तर तो ९५२ येतो. मग तूट होते ६, ३९, ५८, आणि चौदापट वाढीची एकदम साडेनऊपट झाली. काही समाजांत जन्माच्या वेळचं प्रमाण १०६ आढळतं. ते धरलं तर ९४३, आणि १९९१ मध्ये तूटच उरत नाही. शिवाय शून्य ते सहा वयापर्यंत किती मुलं आणि किती मुली दगावल्या याचाही परिणाम या आकड्यावर होतो. पहिला आकडा शून्याच्या इतका जवळ असला की 'किती पट' हा प्रश्नच विचारू नये. तिसऱ्या आकड्याबद्दल मात्र काही शंका राहत नाही. कुठलाही वाजवी पायथा घेतला तरी ८९४ खोल खाली आहे.

मग काढायचं कसं? मी स्तंभ सोडून देतो आणि ठिपके घेतो, हवं तर बारीक रेषेनं जोडलेले. ठिपका लांबीनं बोलत नाही, जागेनं बोलतो, त्यामुळे पायथा कापल्यानं त्याचा करार मोडत नाही. उभा अक्ष ८५० ते १०००. मधून ९५० वर एक आडवी पट्टी, पट्टीच, कारण नैसर्गिक प्रमाण हा एक टोकदार आकडा नाही. आणि शेवटच्या ठिपक्याशेजारी एक वाक्य: या अंतराचा अर्थ सुमारे चार लाख मुली. फरक लहान की मोठा हे अक्षावर सोपवण्यापेक्षा शब्दांत सांगणं मला जास्त सरळ वाटतं.

शून्याचा हट्ट धरून लपवाछपवी करता येते याचं याहून ढळढळीत उदाहरण २०१५ च्या डिसेंबरचं आहे. 'नॅशनल रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकानं पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा १८८० पासूनचा आलेख ट्विटरवर टाकला आणि हवामानबदलाबद्दल एवढा एकच आलेख बघितला तरी पुरे, अशा अर्थाची ओळ जोडली. उभा अक्ष होता उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. पायथा कापलेला नव्हता, उलट शून्याच्याही खाली नेलेला होता. पण फॅरनहाइटचं शून्य हे पृथ्वीच्या तापमानाच्या दृष्टीनं काहीच नाही. ती एक मोजपट्टीवरची खूण आहे. सबंध पृथ्वीची सरासरी काही अंशांनी हलली की समुद्र आणि हिमनद्या हलतात. १०२ ताप असलेल्या माणसाचा आलेख शून्य ते २१२ अंशांच्या अक्षावर काढला तर तोही ठणठणीत दिसेल.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं होतं: स्तंभ असेल तर शून्य हवं, आणि शून्याला अर्थच नसेल तर स्तंभ नको.

यानंतरचा प्रश्न बहुधा आरोग्याचे आकडे हाताळणाऱ्यांकडून येतो, आणि तो सर्वांत कठीण असतो. "लहान फरकामागे मोठी गोष्ट असू शकते हे पटलं. पण लहान फरकामागे काहीच नसतं, असंही होतं ना?" होतं तर. आणि त्यासाठी लांब जायला नको, याच विषयातले दुसरे दोन आकडे घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रात जन्माच्या वेळचं प्रमाण हजार मुलांमागे ९२४ मुली असं आलं. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते ९१३ आलं. अकराची घसरण. बातमी झाली, आलेख झाले.

जनगणनेतली ९१३ वरून ८९४ ही घसरण एकोणीसची होती. अकरा म्हणजे तिच्या निम्म्याहून थोडी जास्त. मग तिच्या निम्म्याहून थोडी जास्त चिंता करायची का? इथे दोन्ही आकड्यांच्या जन्मकथा बघाव्या लागतात. जनगणना घराघरांत जाऊन प्रत्येकाला मोजते. सर्वेक्षण निवडक कुटुंबांतल्या स्त्रियांना विचारतं आणि गेल्या पाच वर्षांतल्या जन्मांवरून प्रमाण काढतं. निवडलेली कुटुंबं थोडी वेगळी पडली असती तर आकडाही थोडा वेगळा आला असता. किती वेगळा? एका राज्यात असे दहा हजार जन्म नोंदले गेले असं समजू. मुलगी की मुलगा हा जवळजवळ नाणेफेकीसारखा प्रकार असल्यानं हिशेब सोपा आहे: दहा हजार जन्मांत मुलींची टक्केवारी निव्वळ योगायोगानं एक टक्का इकडेतिकडे सरकू शकते. टक्केवारी ऐकायला किरकोळ वाटते, पण हजार मुलांमागे मुली अशा भाषेत तो एक टक्का पस्तीस-चाळीसचा होतो. कारण एक मुलगी वाढली की एक मुलगा कमी होतो, आणि गुणोत्तर दोन्हीकडून ताणलं जातं. कुटुंबं गावागावांच्या गटांतून निवडलेली असतात म्हणून प्रत्यक्षातली अनिश्चितता याहूनही थोडी जास्त धरावी लागते.

म्हणजे ९२४ हा आकडा साधारण ८९० ते ९६० आणि ९१३ हा साधारण ८८० ते ९५० असा वाचायचा. दोन्ही पट्टे एकमेकांवर पसरलेले आहेत. अकराच्या फरकावरून परिस्थिती बिघडली असंही म्हणता येत नाही आणि सुधारली असंही. आलेख काढायचाच तर प्रत्येक ठिपक्याच्या वरखाली त्या पट्ट्याएवढी उभी रेघ ओढावी. मग चित्र आपणहून गप्प होतं. निवडणुकीच्या मतचाचण्यांत हेच रोज होतं. हजार माणसांना विचारलेल्या चाचणीत तीन टक्के इकडेतिकडे धरायचे असतात, आणि वाहिनी ४१ आणि ४३ टक्क्यांच्या दोन स्तंभांत एक पुरुषभर अंतर दाखवते.

यावरून हातात काय उरतं? फरक लहान की मोठा हे सांगणारी दोन वेगळी मापं आहेत. एक, हा फरक योगायोगाच्या हेलकाव्याहून मोठा आहे का. दोन, असेल तर त्याचा माणसांच्या आयुष्यात काय अर्थ होतो. जनगणनेतले एकोणीस दोन्ही मापांत मोठे ठरतात. सर्वेक्षणातले अकरा पहिल्याच मापात अडकतात. अक्षाच्या लांबीचा यांतल्या कुठल्याच उत्तराशी संबंध नाही, आणि आलेख फसवतो तो नेमका या कारणानं, की तो तिसरंच माप आपल्या डोळ्यापुढे धरतो.

उरलेला वेळ आडव्या अक्षावर जातो. उभ्या अक्षावर सगळ्यांची नजर असते, आडव्यावर क्वचितच कुणाची, म्हणून चतुर लोक तिथे काम करतात. पुन्हा महाराष्ट्रच घेऊ, पण आता सगळ्या वयांचं मिळून स्त्री-पुरुष प्रमाण. २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ९२९. चढती रेषा, सुधारणा. आता एक पाऊल मागे जाऊन १९९१ पासून सुरू करा: तेव्हा ९३४ होत्या. १९९१ ते २०११ उतरती रेषा, घसरण. एकही आकडा खोटा नाही, अक्षही कापलेला नाही. सुरुवातीचं वर्ष तेवढं बदललं. आणखी मागे गेलं तर १९६१ मध्ये ९३६, १९७१ मध्ये ९३०, १९८१ मध्ये ९३७. सगळे ठिपके एकत्र बघितले की कळतं, तीसएक वर्षं प्रमाण ९३० च्या आसपास रेंगाळत होतं, २००१ ला खाली आलं आणि २०११ ला त्यातलं थोडं भरून निघालं. त्यातही या आकड्यावर स्थलांतराची सावली आहे. कामासाठी मुंबई-पुण्याकडे देशभरातून येणारे पुरुष हे प्रमाण खाली ओढतात, आणि त्याचा मुलगी जन्माला येण्याशी काही संबंध नसतो. त्याच दहा वर्षांत लहान मुलांमधलं प्रमाण मात्र ९१३ वरून ८९४ वर घसरलं होतं. 'स्त्री-पुरुष प्रमाण सुधारलं' हे वाक्य आणि 'मुली कमी झाल्या' हे वाक्य एकाच जनगणनेतून, एकाच दिवशी, दोन वेगळ्या व्यासपीठांवरून खरेपणानं म्हणता आलं असतं.

पैशाच्या व्यवहारात हा प्रकार जास्त उघडा असतो, म्हणून तो लवकर समजतो. २३ मार्च २०२० ला टाळेबंदीच्या तोंडावर सेन्सेक्स सुमारे २६ हजारांवर बंद झाला. वर्षभरानं तो ५० हजारांच्या घरात होता. त्या दिवसापासून आलेख सुरू केला तर एका वर्षात ९० टक्क्यांहून जास्त वाढ दिसते. जानेवारी २०२० च्या मध्यावर सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. तिथून सुरू केलं तर तेच शिखर १९ टक्क्यांवर येतं. खड्ड्याच्या तळापासून मोजलं की कुठलंही टेकाड डोंगर होतं. सेबीनं म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींना एक, तीन आणि पाच वर्षांचा, शिवाय योजना सुरू झाल्यापासूनचा परतावा देणं भाग पाडलं त्यामागे हेच कारण आहे: सुरुवातीचा दिवस जाहिरातदारानं निवडायचा नाही. पण पाच वर्षांचा आकडाही एका विशिष्ट दिवसापासूनच मोजलेला असतो. मार्च २०२५ अखेरपर्यंतचा पाच वर्षांचा परतावा त्याच खड्ड्यापासून सुरू होत होता, नियमात राहून.

यावर मी एकच सवय सुचवतो. आलेख समोर आला की त्याची पहिली तारीख बघायची आणि ती आधी किंवा नंतर सरकवली तर गोष्ट टिकते का हे विचारायचं. जनगणनेतल्या बालकांच्या प्रमाणाला ही परीक्षा लावून बघा. भारताचे आकडे १९६१ पासून असे आहेत: ९७६, ९६४, ९६२, ९४५, ९२७, ९१८. यातलं कुठलंही वर्ष सुरुवातीला घ्या, रेषा उतरतेच. म्हणून या घसरणीबद्दल बोलताना कुणाला वर्ष निवडण्याचा आरोप करता येत नाही.

"२०११ च्या पुढे काय?" हा प्रश्न मग येतोच. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून जाहीर झाली आहे. मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून अलीकडच्या बऱ्याच आलेखांत जनगणनेच्या ठिपक्यांना कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे ठिपके जोडून रेषा पुढे ओढलेली असते: ९१३, ८९४, ९२४, ९१३. बघणारा म्हणतो, घसरलं, सावरलं, पुन्हा घसरलं. पण पहिले दोन आकडे शून्य ते सहा वयाच्या सगळ्या मुलांच्या मोजणीचे आहेत, आणि नंतरचे दोन निवडक कुटुंबांतल्या पाच वर्षांतल्या जन्मांचे. ते सावरणं आणि पुन्हा घसरणं त्या जोडरेषेत आहे, आकड्यांत नाही. असा आलेख हातात आला तर २०११ आणि २०१५ यांच्यामधला रेषेचा तुकडा खोडून टाकावा, सर्वेक्षणाच्या ठिपक्यांना वेगळा रंग आणि त्यांच्या अनिश्चिततेच्या उभ्या रेघा द्याव्यात, आणि मग तो छापायला पाठवावा.